सहा हजार दोनशे म्हणजे नेमके कोण?

कंपन्या सामाजिक उत्तरदायित्वापोटी केलेल्या खर्चाचा जो सीएसआर अहवाल काढतात, त्याची मराठी प्रत सहसा सगळ्यात शेवटी निघते. इंग्रजी अहवाल संचालक मंडळासमोर ठेवून झालेला असतो, त्याची रंगीत पुस्तिका छापून आलेली असते, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की ज्या ट्रस्टने प्रत्यक्ष काम केले त्याच्या निम्म्या विश्वस्तांना ती पुस्तिका वाचता येत नाही. मग दोन-तीन दिवसांत भाषांतर उरकले जाते. शब्द बदलतात, आकडे तसेच उचलून ठेवले जातात. आकड्यांना भाषा नसते, असे सगळ्यांनीच गृहीत धरलेले असते.

ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत कंपनीपेक्षा ट्रस्टला जास्त मोजावी लागते. आकडा मराठीत आणताना तो कशाचा, कोणी मोजला आणि कितीपैकी, याचे उत्तर मिळत नसेल तर तो मराठीत लिहू नये. आणि मराठीत लिहिण्याजोगा नसलेला आकडा इंग्रजीतही राहू देऊ नये. म्हणजे मराठी मसुदा आधी पक्का व्हावा आणि इंग्रजी अहवाल त्यानंतर. क्रम उलटा करण्याची ही मागणी अनेकांना अव्यवहार्य वाटेल; म्हणून एका साध्या कामाचे आकडे घेऊन पाहू.

समजा, मराठवाड्यातल्या एका पाझर तलावातला गाळ कंपनीच्या पैशातून काढला. खर्च १८ लाख रुपये. राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली तेव्हापासून असली कामे कंपन्यांना आवडू लागली आहेत: एका उन्हाळ्यात संपतात आणि फोटो चांगले येतात. पुढे दिलेले आकडे नमुन्याचे आहेत, पण त्यांची घडण खऱ्या अहवालांत दिसते तशीच आहे. इंग्रजी अहवालात या कामाच्या तीन ओळी येतात. तीस हजार घनमीटर गाळ काढून तीस दशलक्ष लिटर पाण्याची साठवणक्षमता निर्माण झाली. सहा हजार दोनशे लोकांच्या जीवनावर परिणाम झाला. शेतकऱ्यांचे उत्पन्न पंचेचाळीस टक्क्यांनी वाढले.

पहिल्या ओळीत भाषांतरकाराला एककांचा खड्डा लागतो. इंग्रजी तक्त्यात ‘एमएल’ एवढेच लिहिलेले असते. ते दशलक्ष लिटर आहे हे माहीत नसेल तर घाईत मिलिलिटर होते. एक दशलक्ष म्हणजे दहा लाख, तेव्हा तीस दशलक्ष लिटर म्हणजे तीन कोटी लिटर, आणि मराठीत तसेच लिहावे. त्याहून वाईट घोळ टीसीएम आणि टीएमसीचा. जलसंधारणाच्या कामात टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. धरणांच्या बातम्यांत रोज कानावर पडणारा टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एका टीएमसीत सुमारे २८,३०० टीसीएम बसतात. दोन अक्षरांची अदलाबदल झाली की गावचा पाझर तलाव जायकवाडीच्या पंक्तीला जाऊन बसतो. हसू येते, पण पत्रकात छापून गेल्यावर ते हसू ट्रस्टवर असते.

एकके नीट बदलली तरी खरा प्रश्न पुढेच आहे. तलावावरची माणसे घनमीटर बोलत नाहीत, ब्रास बोलतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. तीस हजार घनमीटर म्हणजे सुमारे १०,६०० ब्रास. आता ट्रस्टच्या माणसाला मराठीत विचारा की १०,६०० ब्रास कुठून आले. तो फेऱ्यांची वही काढून दाखवेल: तीन ब्रासचा टिपर, ३,५३० फेऱ्या. हिशेब जुळला असे इथे वाटते, आणि नेमके इथेच तो फसलेला असतो. जमिनीत घट्ट बसलेली माती उकरली की फुगते. गाळाच्या जातीप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे ती साधारण २० ते ३० टक्के जास्त जागा व्यापते. टिपरमध्ये मोजली जाते ती फुगलेली, सैल माती. तलावात मोकळी होते ती घट्ट मातीची जागा. २५ टक्के फुगवटा धरला तर तीस हजारांचे चोवीस हजार घनमीटर होतात, आणि तीन कोटी लिटरचे दोन कोटी चाळीस लाख. शिवाय टिपर काठोकाठ भरला होता की हौद्याच्या खाली, हे वहीत लिहिलेले नसते. सांडव्याच्या पातळीच्या वरून काढलेला गाळ साठवण वाढवतच नाही, तोही वहीत वेगळा नसतो.

ओळखायचे कसे? काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर तलावाच्या तळाच्या पातळ्या घेतल्या होत्या का, एवढे विचारावे. घेतल्या असतील तर खड्ड्याचे माप हाताशी आहे, तेच वापरावे. नसतील तर आकडा फेऱ्यांवरून आला आहे आणि मराठीत तसे सांगावे लागेल. यात ‘क्षमता’ हा शब्द गळू देऊ नये. इंग्रजीत तो असतो. मराठी वाक्य सुटसुटीत करताना ‘तीन कोटी लिटर पाणी साठले’ असे होते, आणि पावसाळा कोरडा गेलेल्या वर्षी ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारते, कुठे आहे ते पाणी?

मराठी मजकूर मग असा होतो: तलावातून ३,५३० टिपर गाळ निघाला, सैल मापाने सुमारे १०,६०० ब्रास. माती फुगण्याचे प्रमाण वजा करता सुमारे २४,००० घनमीटर जागा मोकळी झाली असावी. तलाव सांडव्यापर्यंत भरला तर पूर्वीपेक्षा सुमारे २ कोटी ४० लाख लिटर पाणी जास्त मावेल. यंदा तो किती भरला, हे पुढच्या ओळीत. वाचणाऱ्याला अंदाज यावा म्हणून आणखी एक वाक्य जोडता येते: पाच सेंटिमीटरची एक पाणीपाळी धरली तर हेक्टरी पाच लाख लिटर लागतात, म्हणजे हे पाणी ४८ हेक्टरांच्या, जवळपास १२० एकरांच्या, एका पाळीएवढे आहे. पाझर तलावातून थेट उपसा करायचा नसतो आणि बाष्पीभवनही यात धरलेले नाही, तेव्हा ही तुलना फक्त आकारमान कळण्यापुरती, असेही तिथेच म्हणावे. इंग्रजीतली एक ओळ मराठीत पाच ओळींची झाली. होऊ द्यावी.

दुसरी ओळ सहा हजार दोनशे लोकांची. ‘जीवनावर परिणाम झालेले लोक’ या इंग्रजी कल्पनेला मराठीत एक तयार शब्द वाट पाहत असतो: लाभार्थी. आणि तोच घातक आहे. महाराष्ट्राच्या गावात लाभार्थी म्हणजे ज्याचे नाव यादीत आहे तो. घरकुलाचा लाभार्थी, शेततळ्याचा लाभार्थी. त्याला काहीतरी मिळालेले असते, त्याची सही किंवा अंगठा कुठेतरी असतो. ‘६,२०० लाभार्थी’ असे ट्रस्टच्या नावाने छापले की यादीची मागणी येणे हे गावाच्या दृष्टीने रीतसरच आहे. आणि यादी तर नाही.

कारण आकडा यादीतून आलेलाच नाही. तो कसा जमला ते उलगडून पाहा. गाळ शेतात नेलेले शेतकरी १४२. आसपासच्या विहिरींना पाणी वाढले असे सांगणारे शेतकरी ५८. बेरीज २००. प्रत्येक कुटुंबात पाच माणसे धरून १,०००, हे प्रत्यक्ष. मग तलावाच्या परिसरातल्या तीन गावांची लोकसंख्या ५,२००, हे अप्रत्यक्ष. एकूण ६,२००. यात एकच माणूस तीनदा मोजला जाऊ शकतो. १४२ आणि ५८ मध्ये ३१ शेतकरी दोन्हीकडे आहेत, म्हणजे कुटुंबे २०० नव्हे तर १६९. आणि त्या कुटुंबांतली माणसे तीन गावांच्या लोकसंख्येत आधीच धरलेली आहेत. तिसऱ्या गावाची शेती तलावाच्या वरच्या अंगाला असेल तर तिथल्या विहिरींचा या पाण्याशी संबंधच नाही; पण लोकसंख्या जोडताना उताराकडे कोण पाहतो?

यात कोणी खोटे बोलले असे नाही. कंपनीला साऱ्या देशातल्या कामांची बेरीज करून एका पानावर ‘इतके लाख लोक’ लिहायचे असते, त्यासाठी प्रत्येक प्रकल्पाकडून एकाच साच्यातला आकडा लागतो, आणि तो साचा शाळा, दवाखाना, तलाव सगळ्यांना सारखाच लावला जातो. ही गरज समजण्यासारखी आहे. पण त्या आकड्याचा मालक कंपनी आहे, ट्रस्ट नाही. म्हणून मराठीत त्याची बेरीज देऊच नये. १४२ शेतकऱ्यांनी गाळ नेला. ५८ जणांनी विहिरीचे पाणी वाढल्याचे सांगितले. ३१ जण दोन्हींत आहेत. मिळून १६९ कुटुंबे. तलाव ज्या तीन गावांच्या शिवाराजवळ आहे त्यांची लोकसंख्या ५,२००. पाच वेगळी विधाने. यातल्या पहिल्या तिन्हींची यादी ट्रस्टकडे असते आणि चौथे त्यांतूनच निघते.

बेरीज न देण्याचे दुसरे कारण पैशाचे आहे, आणि ते विश्वस्तांना सहसा दुसऱ्या वर्षी कळते. १८ लाखांना ६,२०० ने भागले की माणशी २९० रुपये येतात. १६९ कुटुंबांनी भागले की कुटुंबामागे सुमारे १०,६५० रुपये. पुढच्या प्रस्तावात ट्रस्टने दुसऱ्या तलावासाठी खरा हिशेब मांडला की कंपनीचा तरुण अधिकारी मागचा अहवाल काढतो आणि विचारतो, तुमचा प्रतिलाभार्थी खर्च छत्तीस पटींनी कसा वाढला? ज्या आकड्याने आपले कौतुक झाले तोच आकडा आता आपल्याला महाग ठरवतो. आणि तो नाकारताही येत नाही, कारण मराठी प्रतीवर आपलाच शिक्का आहे.

तिसरी ओळ सगळ्यात साधी दिसते आणि सगळ्यात खोल चुकलेली असते. ‘शेतकऱ्यांचे उत्पन्न ४५ टक्क्यांनी वाढले.’ व्याकरण शुद्ध, शब्द योग्य. पण ही माहिती गोळा कशी झाली? सर्वेक्षण करणाऱ्याच्या हातात इंग्रजी प्रश्नावली होती. ‘इनकम’ला त्याने शेतकऱ्यासमोर ‘उत्पन्न’ म्हटले. शब्दकोशात तसेच आहे. पण ग्रामीण बोलण्यात उत्पन्न म्हणजे बहुतेक वेळा पीक किती आले ते. ‘यंदा सोयाबीनचं उत्पन्न काय?’ याला ‘एकरी आठ पोती’ असेच उत्तर येते, रुपयांत येत नाही. शेतकऱ्यांनी सांगितले, पूर्वी एकरी सहा क्विंटल, आता पावणेनऊच्या आसपास. सरासरी निघाली ८.७. सहाचे ८.७ म्हणजे ४५ टक्के वाढ. कार्यालयात ती ‘उत्पन्न’ या रकान्यात गेली, इंग्रजीत ‘इनकम’ झाली, आणि आता परत मराठीत येताना ‘आर्थिक उत्पन्न’ होऊन येते. जाताना गहू, येताना सोने.

रुपयांत काय झाले ते वेगळेच असू शकते. पहिल्या वर्षी पाच हजार भाव होता असे धरा: सहा क्विंटलचे ३०,०००. नंतर भाव ४,२०० वर आला तर ८.७ क्विंटलचे ३६,५४०. वाढ २२ टक्के, तीही खर्च वजा न करता. हा भाव कल्पनेतला म्हणून सोडून देता येणार नाही: २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांत त्याच्या बऱ्याच खाली सौदे होत होते. त्यात गाळ शेतापर्यंत वाहून नेण्याचे भाडे शेतकऱ्याने स्वतः भरले असेल तर पहिल्या वर्षी हातात काय उरले, हे कोणी विचारलेलेच नसते.

इथे भाषांतरकाराने शब्द सुधारून भागत नाही. मूळ भरलेले फॉर्म मागवून पाहावे लागतात की त्या रकान्यात क्विंटल आहेत की रुपये. क्विंटल असतील तर मराठीत ‘एकरी उतारा’ लिहावे आणि इंग्रजी अहवालातला शब्द बदलायला लावावा. किती जणांना विचारले तेही लिहावे: १६९ पैकी ६०. आणि तुलना कोणत्या वर्षाशी, ते सर्वांत आधी. पहिले वर्ष कमी पावसाचे आणि दुसरे भरपूर पावसाचे असेल तर उतारा गाळाने वाढला की पावसाने, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. त्याच गावातल्या गाळ न नेलेल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांचा उतारा विचारला असता तर काही कळले असते. ‘गाळामुळे वाढला’ असे मराठी वाक्य त्याशिवाय लिहू नये. ‘गाळ टाकलेल्या शेतांत वाढला’ एवढेच खरे आहे.

टक्क्यांबद्दल एक जोड. ‘४५ टक्क्यांनी वाढले’ आणि ‘४५ टक्क्यांवर गेले’ यांतला फरक एका विभक्तीत आहे आणि घाईत तो हमखास जातो. ‘तीन पटींनी वाढले’ म्हणजे तिप्पट झाले की चौपट, यावर दोन शिक्षित माणसेही भांडू शकतात. आधी किती, नंतर किती, हे दोन्ही मूळ आकडे दिले की टक्के नसले तरी चालते. विहिरींचे तर टक्के काढूच नयेत. ‘पाणी उपलब्धतेत ६० टक्के वाढ’ यापेक्षा ‘पूर्वी जानेवारीत तळ दिसायचा, आता एप्रिलमध्ये दिसतो’ हे वाक्य जास्त अचूक आहे आणि गावात कोणालाही ते पडताळता येते.

शब्दांच्या गमतीजमती तर पुष्कळ आहेत. ‘इंटरव्हेन्शन’चे हस्तक्षेप झाले की कंपनीने तीन गावांत यशस्वी हस्तक्षेप केला असे वाचायला मिळते. ‘स्टेकहोल्डर’चे भागधारक केले की ग्रामपंचायत कंपनीची मालकीण होते. आणि शेतीच्या अहवालात ‘आउटपुट’ला उत्पादन म्हटले की ‘एकूण उत्पादन: एक तलाव’. असल्या चुका वाचणाऱ्याला चटकन दिसतात, म्हणून त्या कमी धोक्याच्या. उत्पन्न आणि लाभार्थी हे शब्द दिसायला निर्दोष असतात.

हे सगळे ट्रस्टने का अंगावर घ्यावे? कारण कागदावर नाव त्याचे आहे. ठरावीक कंपन्यांवर सीएसआरची जबाबदारी टाकणारे कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. कंपनीच्या वित्तप्रमुखाला पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याचे प्रमाणित करावे लागते, आणि त्यासाठी तो ट्रस्टकडून उपयोगिता प्रमाणपत्र मागतो, ज्याला हा अहवाल जोडलेला असतो. स्वतंत्र संस्थेकडून परिणाम मूल्यमापन करण्याची सक्ती मात्र मोठ्या कंपन्यांना आणि एक कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांनाच आहे. १८ लाखांच्या तलावाचे आकडे बहुधा बाहेरच्या कोणी तपासलेलेच नसतात. ते इंग्रजीतून मराठीत येतात तो क्षण हीच त्यांची पहिली आणि शेवटची तपासणी असू शकते.

यावर कंपनीकडून दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, अहवालाला मुदत असते, मराठी मसुद्यासाठी थांबायला सवड नाही. पण वर उलगडलेल्या तिन्ही आकड्यांचे धागे काम चालू असतानाच हातात होते: पातळ्या खोदाईपूर्वी घ्यायच्या होत्या, गाळ नेणाऱ्यांची यादी तलावावरच होत होती, प्रश्नावली सर्वेक्षणाआधी मराठीत लिहायची होती. शेवटी थांबावे लागते ते सुरुवातीला न केल्यामुळे. प्रश्नावली आधी मराठीत तयार करून दहा शेतकऱ्यांना विचारून पाहायला दोन दिवस लागतात.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जरा जास्त खरा आहे. ट्रस्टला जाणकार भाषांतरकार परवडत नाही, आणि कंपनीला प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा आहे. पण नियमांतली व्याख्या पाहिली तर त्या मर्यादेत येतो तो कंपनीचा सर्वसाधारण कारभाराचा खर्च; एखाद्या प्रकल्पाच्या आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापनावर थेट झालेला खर्च त्यातून वगळलेला आहे. मराठी प्रश्नावली, पातळ्यांचे मोजमाप आणि मराठी अहवाल ही देखरेखच आहे. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात त्यांची वेगळी ओळ घालायला वाव आहे. १८ लाखांच्या कामात ही ओळ पन्नास-साठ हजारांच्या वर जायचे कारण नाही. ती ट्रस्टने स्वतः मागावी; कंपनी आपणहून सुचवेल अशी वाट पाहू नये.

राहिले करारातले ते कलम, जे जवळपास प्रत्येक करारनाम्यात असते: दोन्ही भाषांतील मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. कराराच्या अटींसाठी ते असू द्यावे. पण अहवालातल्या आकड्यांपुरते तिथे एक वाक्य जोडून घ्यावे: तफावत आढळल्यास फेऱ्यांची वही, लाभधारकांची सहीची यादी आणि भरलेली मूळ प्रश्नपत्रे ग्राह्य. ही तिन्ही कागदपत्रे मराठीत असतात, आणि ट्रस्टच्या कपाटात असतात.